सगळ्या गावानं पुसलेला फोटो

राहुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर, मुळेच्या कालव्याकाठी असलेल्या त्या गावात पहाटे साडेपाचला सगळे जण एकाच बाईला वचकून असतात. ती म्हणजे दूध संकलन केंद्रावरची विजयमाला. किटलीचं झाकण उघडायच्या आत तिचे डोळे समोरच्याच्या चेहऱ्यावर जातात. नजर चुकली की समजावं, दुधात पाणी आहे. मग ती नमुना मशीनला लावते, आकडा बघते आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "ही म्हस पाजली कितींदा हो? कालवा रिकामा केला वाटतं!" रांग हसते. ज्याची किटली परत जाते तो मात्र हसत नाही.

चौदा वर्षं ती हे काम करते. पहिली काही वर्षं मशीन नव्हतं. काचेच्या नळीत ॲसिड घालून, हलवून, फिरवून फॅट काढायचं. शिक्षण दहावी, पण हात असा बसला होता की तालुक्याचे सुपरवायझरसुद्धा शंका आली की तिलाच विचारत. तोंडानं फटकळ, हिशेबाला चोख, आणि देवाधर्माला सगळ्यांच्या पुढं. अशा बाईला शत्रू नसतील तरच नवल. पण शत्रू म्हणजे रांगेत कुरकुरणारा माणूस, एवढीच तिची समजूत होती. बिचारीला जग तेवढंच ठाऊक होतं.

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेसातला संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. ग्रुपमध्ये दूध घालणारे सगळे होते. लिंकवरून कुणी अनोळखी नंबर आत शिरला, फोटो टाकला आणि चार मिनिटांत बाहेर पडला. लॉजच्या खोलीतला पलंग, पलंगावर अंगावर धड कपडे नसलेली बाई, शेजारी तोंड न दिसणारा पुरुष. बाईचा चेहरा विजयमालेचा. खाली लिहिलेलं, 'डेअरीवाल्या बाईंचा जोडधंदा'.

ती तेव्हा शेवटच्या किटल्या मोजत होती. रांगेतले चारसहा जण एकदम फोनात बघायला लागले आणि मग एकदम तिच्याकडं. तिनंही फोन उघडला. बघितलं आणि अंगठ्यानं तो मेसेज जागच्या जागी पुसून टाकला. अंगावर झुरळ पडलं की माणूस विचार करत नाही, झटकतो, तसं झालं ते. फोन ओच्यात खुपसला आणि उरलेल्या तीन किटल्या मोजूनच ती उठली.

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. गाव चांगलं होतं, आणि त्यानंच घोटाळा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानिफनाथाच्या देवळात माणसं जमली. संस्थेचे चेअरमन रंगनाथ अण्णा, सत्तरीचे, गावात शब्दाला वजन असलेले, ते म्हणाले, "आपल्या लेकीबाळीचा असा तमाशा व्हायला नको. काय करायचं बोला."

अजिनाथ उठला. पन्नाशीचा, वीस जनावरं बाळगणारा, भाषणाची हौस असलेला गडी. त्याचं दूध विजयमालेनं मागच्या उन्हाळ्यात लागोपाठ आठ दिवस परत केलं होतं. तोच आज तिच्या बाजूनं बोलतोय म्हटल्यावर लोकांना बरं वाटलं.

"पोलीस-बिलीस नको," अजिनाथ म्हणाला. "पोरीबाळीचं नाव कचेरीत जायला नको. आपून समद्यांनी आत्ता, हितं, नाथांच्या म्होरं फोटू पुसायचा. निस्ता फोटू न्हाई, ग्रुपच मोडायचा. आन् अंगाऱ्याला हात लावून सांगायचं, माज्याकडं न्हाई म्हनून."

टाळ्या पडल्या. एकेक जण पुढं आला. आधी फोन दाखवायचा, मग अंगाऱ्यात बोट बुडवायचं. म्हाताऱ्यांचे फोन पोरांनी पुसून दिले. बायकांच्या बाजूनं विजयमालेच्या जावा, नणंदा आल्या. तिचा नवरा रामहरी सगळ्यात शेवटी आला, अंगाऱ्यात बोट बुडवलं आणि मान खाली घालून कोपऱ्यात जाऊन बसला. तासाभरात सबंध गाव स्वच्छ झालं. विजयमालेला रडू आलं. एवढी माणसं आपल्या अब्रूसाठी रांगेत उभी राहिली, आणि या वेळी रांगेच्या टोकाला ती नव्हती. तिनं रंगनाथ अण्णांचे पाय धरले.

तिची मुलगी निकिता नगरला नर्सिंग शिकते, वसतिगृहात राहते. तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती ओरडलीच. "आई, पुसायचं नव्हतं! नंबर कुठाय? तारीख, वेळ? काहीतरी ठेवलंय का कुणी?"

"ठेवायची काय वस्तू हाय का ती?" विजयमाला म्हणाली आणि फोन ठेवला. पोरगी शिकली की शहाणपणाचा घडा उपडा होतो आईबापावर, असं ती शेजारणीजवळ पुटपुटली.

वीस दिवस गेले. वरवर सगळं ठीक होतं. पण रामहरी बोलेना. तसाही तो अबोल. विहीर, ऊस आणि गोठा यांतच रमणारा. पण आता तो जेवताना समोर बसेना, ताट घेऊन गोठ्यात जाई. तिनं दोनदा विचारलं, "बरं न्हाई का?" तर "हाय की" म्हणे. दिवसातनं चारदा ती त्याला फोनात बघताना पाही. ती आली की फोन खिशात. तिनं मनाशी ठरवलं, माणसाला लाज वाटत असंल, पुरुषाची जात, बोलून दाखवता येत नसंल. स्वतःच स्वतःची समजूत घालायची सवय बायकांना असतेच.

एकविसाव्या दिवशी तोच फोटो तालुक्याच्या दूध संस्थांच्या ग्रुपवर फिरला. गावातनं पुसला म्हणून जगातनं पुसला जातो थोडाच! दुपारी रंगनाथ अण्णा केंद्रावर आले. उभ्यानंच म्हणाले, "विजे, वरनं फोन आलाय. सुपरवायझर म्हनत्यात, थोडे दिस दुसरं मानूस बसवा. चावी दे. इलाज न्हाई गं माझा."

चावी तिनं दिली. घरी येऊन ती चुलीपुढं बसली, उठली, अंगण झाडलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. चौदा वर्षांत कुणी तिच्याकडं एक थेंब वर-खाली झाल्याचं बोट दाखवलं नव्हतं. आणि आता कुठल्याशा लॉजच्या पलंगामुळं तिची जागा जाणार. तिला लाज वाटायची थांबली आणि राग आला. हे फार बरं झालं.

संध्याकाळी तिनं निकिताला फोन केला. पोरीनं वसतिगृहातनंच केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर, महिलांच्या तक्रारीच्या रकान्यात तक्रार भरली. पावती क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी मायलेकी नगरला सायबर पोलीस ठाण्यात जाऊन बसल्या. रामहरी म्हणाला, वासरू आजारी आहे.

जबाब घ्यायला फौजदार पंकजा मॅडम होत्या. तिशीच्या, चष्मा, आवाज शांत. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "फोटो दाखवा."

विजयमालेनं तालुक्याच्या ग्रुपवरनं कुणाकडून तरी मिळवलेला स्क्रीनशॉट पुढं केला. त्यात तिनं पलंगावरची बाई काळ्या रंगानं खोडली होती आणि वरचा नंबर, तारीख सगळं कापून टाकलं होतं. "लई घान दिसत हुतं," ती म्हणाली.

"ताई, घाण आहे म्हणूनच गुन्हा आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही खोडलं तेच मला हवं होतं. मेसेज पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव. आणि हा फॉरवर्ड होऊन आलेला मेसेज आहे. पहिल्यांदा कुणी टाकला ते यावरून कळत नाही. पहिल्या ग्रुपवरचा मूळ मेसेज कुणाच्या तरी फोनात असेल ना?"

विजयमालेनं देवळातली सगळी हकीकत सांगितली. पंकजा मॅडमनी पेन खाली ठेवलं. हसावं की डोकं धरावं अशा चेहऱ्यानं त्या म्हणाल्या, "म्हणजे दीडशे फोनांमधला पुरावा तासाभरात नष्ट. देवाच्या साक्षीनं."

"आमाला वाटलं, पुसलं की मिटलं."

"सगळ्यांनाच तसं वाटतं. तुम्ही दुधाचा वाद झाला तर काय करता?"

"नमुना ठिवतो. बाटलीत, सील करून. दूध फेकलं तरी नमुना फेकत न्हाई," ती पटकन म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. आपण आपलंच शहाणपण कसं विसरलो, याचा तिला इतका संताप आला की तिनं स्वतःच्याच मांडीवर थापड मारली.

मॅडमनी फिर्याद घेतलीच. "मूळ मेसेज नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा नाही, असं नसतं," असं त्या म्हणाल्या. अश्लील मजकूर पसरवणं आणि बदनामीसाठी बनावट तयार करणं, अशी कलमं लागली. तपास ठाण्याचे इन्स्पेक्टर करणार होते. फोटो काढून टाकायला कंपनीला पत्र जाणार होतं. "पण पुरावा आधी, काढणं नंतर," एवढं बजावून झालं. मग त्यांनी विचारलं, हा चेहरा कुठल्या फोटोतला? ते निकितानं शोधून ठेवलं होतं. विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात आईला शाल-श्रीफळ मिळालं तेव्हाचा, संस्थेच्या फेसबुक पानावरचा. तीच मान, तोच वळलेला चेहरा. त्या पानाची लिंकही मॅडमनी उतरवून घेतली.

"आता गावात विचारा," त्या निघताना म्हणाल्या. "कुणाकडे तो ग्रुप राहिला असेल तर फॉरवर्ड करायचा नाही, फोन बदलायचा नाही, व्हॉट्सॲप काढायचं-घालायचं नाही. फोन आहे तसा घेऊन या."

विचारा म्हणणं सोपं होतं. विजयमाला घरोघर फिरली. तीन दिवस. जिथं म्हणून गेली तिथं चहा मिळाला, फोटो मिळाला नाही. मिळणार कसा? ज्याच्याकडं असेल त्यानं दोन गोष्टी कबूल करायच्या. एक, अंगाऱ्याला हात लावून खोटं बोललो. दोन, परक्या बाईचा तसला फोटो वीस-पंचवीस दिवस खिशात घेऊन हिंडलो. कोण कबूल करील? पोरं जमिनीकडं बघत, त्यांच्या आया दारात आडव्या येत. "आमचा न्हाई गं तसला." एका घरात तर म्हातारी कळवळून म्हणाली, "बाई, शपत घेतलीया आमी. आता कशाला उकरती?" बाहेर पडताना विजयमालेला वाटलं, हे सगळे जण आपल्यावर उपकार करून बसलेत आणि त्या उपकाराखाली आपण चेंगरून मरणार.

अजिनाथ रस्त्यात भेटला. "वैनी, म्या म्हनलं हुतं, कचेरी नको," तो हळहळून म्हणाला. ती न थांबता पुढच्या घराकडं वळली.

चौथ्या दिवशी सकाळी ती धार काढायला गोठ्यात गेली. आता केंद्र नाही, तर निदान घरची म्हैस तरी. रामहरी दावणीजवळ उभा होता. त्यानं खिशातनं फोन काढला आणि वैरणीच्या पाटीवर ठेवला.

"माज्याकडं हाय," तो म्हणाला.

"काय?"

"त्यो ग्रुप. बाहेर पडलो, पर पुसला न्हाई. त्या आर्काइव्हच्या कप्प्यात घालून ठिवला हुता. देवळात दाखवला तवा वर दिसत नव्हता."

ती फोनवर झडप घालणार होती. मॅडमचं बोलणं आठवलं, हात आवरला. पण आनंद मावेना. "आवो मग येवढे दिस... तीन दिस मी दारोदार..." ती हसतच म्हणाली. आणि मग हसू तोंडावरच राहिलं. घरोघरची दारं कुणी का लावली, ते तिला चांगलं ठाऊक होतं. फोटो ठेवणारा माणूस तो कशासाठी ठेवतो?

तिनं विचारलं नाही. चरवी घेऊन धारेला बसली. म्हैस पान्हा चोरून उभी राहिली.

दुपारी दोघं नगरला, पंकजा मॅडमच्या टेबलासमोर. दोन सरकारी पंच बोलावले होते. पंचांसमोर रामहरीनं स्वतः फोन उघडला. मेसेज होता. पूर्ण नंबर, तारीख, सहा वाजून बेचाळीस मिनिटं, लिंकवरून आल्याची ओळ, बाहेर गेल्याची ओळ. मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. एकेका पडद्याचे फोटो निघाले, फोन विमानाच्या खुणेवर टाकला, डेटाची प्रत घेतली. तिथल्या पोरानं एक लांबलचक आकड्या-अक्षरांची ओळ पंचनाम्यात लिहिली. "हा फाईलचा अंगठा समजा," मॅडम म्हणाल्या, "उद्या आत एक ठिपका जरी बदलला तरी हा अंगठा जुळणार नाही." फोन पाकिटात, पाकिटावर सह्या, लाखेचं सील. रामहरीनं फोन आपलाच असल्याच्या प्रमाणपत्रावर सही केली.

मग मॅडम लॅपटॉपकडं वळल्या. "आता तुमचा जबाब. सगळ्यांनी पुसला, तुम्ही का ठेवला?"

रामहरीनं बायकोकडं बघितलं. बाहेर मोटारसायकलींचा आवाज चालू होता.

"पुरावा म्हनून," तो म्हणाला. "पुरावा म्हनून ठिवला, आसं लिवा."

मॅडमची बोटं चालू झाली. वाक्य सुंदर होतं. सगळ्यांना पुरणारं होतं. ते तसंच राहिलं असतं तर विजयमालेला आयुष्यभर त्याच्यावर डोकं टेकता आलं असतं. पण चौदा वर्षं समोरच्याचा चेहरा बघून दूध ओळखणारी बाई ती. तिला ते गिळता येईना.

"खरं सांगा," ती म्हणाली. "उद्या कोर्टात वकील विचारंल, पुरावा हुता तर बायकू दारोदार भीक मागत हुती तवा का न्हाई दिला? तवा काय सांगाल?"

मॅडमनी बोटं थांबवली. "त्या बरोबर बोलतायत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला बाहेर बसायचं का ताई?"

"न्हाई. मी ऐकनार."

रामहरीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाटलं, खरं आसंल," तो म्हणाला. "त्वांड हिचंच हुतं. मी रोज बगायचो. रानात, इहिरीवर. टँकरचा डायवर, सुपरवायझर, समदे आठवून बगायचो, कोन आसंल म्हनून. देवळात बी पुसवंना. मग एक दिस फोटूतला हात मोठा करून बगितला. हिच्या डाव्या मनगटाच्या वर ॲसिडचा डाग हाय, पावलीयेवडा. फॅटच्या ॲसिडचा. फोटूतल्या बाईच्या हाताला डाग न्हाई."

"कधी कळलं हे?" मॅडमनी विचारलं.

"अकराव्या दिशी."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? सांगायचं तर पयले अकरा दिस बी सांगावं लागत्यात."

मॅडमनी शब्द न् शब्द टाइप केला. विजयमाला बघत होती. एकोणीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला बायको ओळखायला अकरा दिवस लागले. तेही चेहऱ्यावरून नाही, डागावरून. ॲसिड उडालं नसतं तर? हा विचार आला आणि तिनं पदरानं तो डाग झाकून घेतला. पंचनामा झाला, पुरावा भक्कम झाला, आणि तिच्या घराचा एक वासा त्याच टेबलावर मोडला. जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, मॅडमनी फक्त वाचून दाखवला. दोनदा ऐकावा लागला तिला.

दीड महिन्यानं नंबर सापडला. सिमकार्ड कुणा तिऱ्हाइताच्या नावावर होतं, पण ते ज्या फोनात घातलं होतं, त्याच फोनात आधी नि नंतर अजिनाथचं सिम चाललेलं. अजिनाथला नोटीस गेली, तो फोन जप्त झाला, त्यात फोटो जोडायचं ॲपही निघालं. खटला कोर्टात उभा राहील तेव्हा राहील. गावाला मात्र तेवढं पुरलं. ज्या माणसानं अंगाऱ्याची शपथ सुचवली होती, त्याचं नाव निघालं की आता म्हातारी माणसं थुंकतात. रंगनाथ अण्णा स्वतः चावी घेऊन घरी आले.

आणि मग गावानं पुन्हा चांगुलपणा केला. देवळात रामहरीचा सत्कार ठेवला. "सबंध गाव येडं ठरलं, ह्यो येकटा शाना," रंगनाथ अण्णा म्हणाले. "बायकूच्या अब्रूपायी शपत मोडली, पाप डोक्यावर घेतलं, पर पुरावा जपला!" टाळ्या वाजल्या. बायका विजयमालेला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई, असला नवरा." रामहरीनं एकदा तिच्याकडं बघितलं. तो खरं बोलला असता तर गाव म्हणालं असतं, नवऱ्यालासुद्धा संशय होता, म्हणजे पाणी मुरतंय कुठंतरी. हे तिला कळत होतं, त्यालाही कळत होतं. त्यानं नारळ घेतला. तिनंही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर थांबली.

घरी आल्यावर रामहरी ओट्यावर बसला. मग म्हणाला, "राग गेला का?"

विजयमालेनं किटलीची झाकणं एकावर एक रचली. "तुमी अकरा दिस मला न सांगता बगत हुता," ती म्हणाली. "आता मी बगते. तुमी न्हेमीसारकं ऱ्हावा. कितव्या दिशी कळतंय, बगू."

"काय कळायचं?"

"ह्यो मानूस माजा हाय का न्हाई ते," ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली म्हणून केंद्राकडं निघाली.